दोन भावंडे आपसांत काय बोलतात?

माझी भाची परदेशात जन्मली आणि तिथेच वाढली. ती अकरा वर्षांची आणि तिचा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना ही भावंडे सुट्टीत महिनाभर आमच्याकडे होती. भाची आजीशी मराठीत बोलत असे; अडखळत, पण बोलत असे. भावाला आजीचे सगळे बोलणे समजत होते, मात्र उत्तर तो इंग्रजीतच देई आणि ताई ते मराठी करून सांगे. एका संध्याकाळी फिरायला निघताना भाची आजीचा हात धरून म्हणाली, "चल ना आजी, आम्ही जाऊया." आजी क्षणभर थांबली आणि तिने विचारले, "म्हणजे मी येऊ की नको?" मुलीला तो प्रश्नच कळला नाही. समोरच्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' हा भेद मराठीत वाढणारे मूल शाळेत जाण्याआधीच, कोणी न शिकवता, उचलते. भाची दिवसभर ज्या भाषेत वावरते तिथे या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, आणि हा भेद अंगवळणी पडण्याइतकी मराठी तिच्या कानांवर पडलेली नव्हती.

व्याकरणाच्या या चुकीपेक्षा दुसरी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटली. रात्री दिवा मालवल्यावर ही भावंडे अंथरुणात पडून बराच वेळ कुजबुजत असत, आणि त्या कुजबुजीत मराठीचा एकही शब्द नसे. आजीशी मराठी बोलणे हे भाचीच्या दृष्टीने आजीसाठी करायचे काम होते. स्वतःच्या बरोबरीच्या माणसाशी बोलायची तिची भाषा वेगळी होती. स्थलांतरितांच्या भाषा का टिकतात आणि का जातात याचा जो अभ्यास गेल्या साठ वर्षांत झाला आहे, तो वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की वर्ग, संमेलने आणि भाषाभिमान यांच्यापेक्षा ही कुजबुज कोणत्या भाषेत चालते यावरून पुढचे भाकीत अधिक खात्रीने करता येते. परदेशातले बहुतेक भाषिक समाज मात्र आपला पैसा आणि वेळ या कुजबुजीच्या आसपासही पोहोचणार नाही अशा जागी घालवत आहेत, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

स्थलांतरितांची भाषा तीन पिढ्यांत संपते, हे सूत्र अमेरिकेत जोशुआ फिशमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९६० च्या दशकापासून मांडले. पहिली पिढी नवी भाषा कामापुरती शिकते, दुसरी दोन्ही भाषांत वाढते, तिसरीला फक्त नवी भाषा येते. रुबेन रुम्बाऊत, डग्लस मॅसी आणि फ्रँक बीन यांनी २००६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पाहण्यांवरून हेच सूत्र आकड्यांत तपासले आणि माणसाचे आयुर्मान मोजतात तसे भाषेचे आयुर्मान पिढ्यांत मोजले. तिथे मेक्सिकोची सीमा हाकेच्या अंतरावर, स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या प्रचंड आणि नव्या स्थलांतरितांची भर सतत चालू. तरीही मेक्सिकन वंशाच्या लोकांत चांगले स्पॅनिश बोलता येण्याची क्षमता तीन पिढ्यांच्या थोडी पुढे जाऊन संपते असे त्यांना दिसले. आशियाई वंशाच्या गटांच्या भाषांना त्याहूनही कमी आयुष्य होते. संख्येच्या जोरावर भाषा टिकेल अशी आशा ज्यांना वाटते, त्यांनी हा निष्कर्ष नीट पाहावा. संख्येमुळे शेवट लांबतो एवढेच या अभ्यासातून दिसते.

हे नेमके घडते कुठे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'पिढी' हा शब्द फार मोठा आहे आणि त्यामुळे सगळे आपोआप होते असा भास होतो. प्रत्यक्षात भाषा एका घरात, ठरावीक माणसांमध्ये, काही वर्षांच्या अवधीत जाते, आणि तिचा क्रम बऱ्याच घरांत सारखाच असतो. पहिले मूल तीन-चार वर्षांचे होईपर्यंत घरात आईबापांची भाषा चालते आणि मूल ती झकास बोलते. मग ते शाळेत किंवा पाळणाघरात जाते आणि वर्षभरात तिथली भाषा घरी आणते. आईबाप आपल्या भाषेत विचारतात, मूल नव्या भाषेत उत्तर देते. सुरुवातीला ते दुरुस्त केले जाते, पुढे कामाच्या गडबडीत राहून जाते. दुसरे मूल जन्मते तेव्हा घरात ती नवी भाषा बोलणारे एक लहान माणूस आधीच असते आणि धाकट्याच्या वाट्याला येणाऱ्या बोलण्यात त्याचा वाटा मोठा असतो. म्हणून एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या मुलांच्या भाषेत पुष्कळ ठिकाणी ठळक फरक आढळतो, जसा माझ्या भाचीत आणि भाच्यात होता. पुढे धाकटे मूल फक्त समजणारे, उत्तर न देणारे श्रोते बनते. असे मूल मोठे होऊन स्वतः आईबाप होते तेव्हा ते आपल्या मुलाशी ही भाषा बोलूच शकत नाही. साखळी तुटली ती तिथे, पण तिचा सांधा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच निसटलेला असतो.

या सांध्याची सर्वांत स्पष्ट मोजणी मला बेल्जियममधल्या एका अभ्यासात सापडली. आनिक दे हाउवर यांनी फ्लँडर्स प्रांतात, जिथे डच ही शाळेची आणि समाजाची भाषा आहे, प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या घरी प्रश्नावली पाठवून माहिती गोळा केली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईबापांपैकी निदान एक जण डचखेरीज दुसरी भाषा बोलतो अशी १,८९९ कुटुंबे त्यांनी तपासली. प्रश्न साधा होता: घरी आई कोणती भाषा बोलते, वडील कोणती बोलतात आणि मुले कोणती बोलतात. ज्या घरांत आईबाप दोघेही फक्त आपली भाषा बोलत, तिथे जवळपास सगळ्याच घरांत मुलेही ती बोलत होती. प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास होते. दोघांपैकी एक जण जोडीने डचही बोलत असेल तर त्यात थोडीच घट होती. मात्र दोघेही घरी दोन्ही भाषा बोलत असतील तर प्रमाण ७९ टक्क्यांपर्यंत उतरले. एक जण फक्त आपली भाषा आणि दुसरा फक्त डच बोलतो अशा घरांत ते ७४ टक्के होते. आणि एक जण फक्त डच आणि दुसरा कधी डच कधी आपली भाषा, अशा घरांत ते ३६ टक्क्यांवर आले.

या आकड्यांना मर्यादा आहेत. ते कुटुंबांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीवर आधारलेले आहेत, ते एका प्रांताचे आहेत, आणि 'मूल भाषा बोलते' एवढेच ते सांगतात. कशी बोलते हे सांगत नाहीत. तरीही दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत, ७९ आणि ७४. पहिल्यात आईबाप दोघेही त्याच भाषेचे असू शकतात, पण दोघेही घरात सोयीप्रमाणे भाषा बदलतात. दुसऱ्यात घरी त्या भाषेचे माणूस एकच आहे, पण ते आपल्या भाषेला धरून राहते. दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखा आहे. आंतरभाषिक विवाहामुळे भाषा जाते, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, आणि मोठ्या प्रमाणावरच्या जनगणनांमध्ये हा संबंध खराच दिसतो. ऑस्ट्रेलियात मायकेल क्लाइन यांनी जनगणनेवरून दाखवले की एकाच समाजातल्या दुसऱ्या पिढीत, आईबाप दोघेही त्याच भाषेचे असतील त्यांच्यापेक्षा एकच त्या भाषेचा असेल त्यांच्यात भाषा सोडण्याचे प्रमाण कितीतरी जास्त असते. पण फ्लँडर्सच्या आकड्यांवरून मला वाटते की परभाषिक जोडीदाराला दोष देणे चुकीचे आहे. परभाषिक जोडीदार आला की आपल्या भाषेचे माणूससुद्धा मुलाशी आपली भाषा बोलणे सोडते, आणि फरक पडतो तो या सोडण्याने. अशा घरातल्या आईला किंवा वडिलांना एकटेपणाने भाषा चालवावी लागते. त्यांना समाजाकडून आधार मिळण्याऐवजी लग्नाबद्दल नापसंती मिळते, हा मला मोठा अन्याय वाटतो.

इथे थोडा हिशेब करून पाहू. मूल दिवसाचे चौदा तास जागे असते असे धरले तर वर्षाला ५,११० तास होतात. आठवड्याच्या शेवटी दोन तासांचा भाषेचा वर्ग, वर्षातून पस्तीस आठवडे, म्हणजे ७० तास. जागेपणीच्या वेळेच्या दीड टक्क्याहून कमी. आजी-आजोबांशी आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास फोनवर गप्पा झाल्या तरी वर्षाचे ५२ तास भरतात, म्हणजे वर्गाच्या तोडीस तोड. आजोळी सहा आठवडे राहिले तर त्या दिवसांतले जागेपणीचे तास ५८८ होतात, वर्गाच्या आठपटीहून जास्त. अर्थात तिथली मामेभावंडेही त्या भाषेत खेळत असतील तरच, आणि हल्ली तेही गृहीत धरता येत नाही. रोज संध्याकाळी घरात दोन तास आईबाप आणि मुले त्या भाषेत बोलत असतील तर वर्षाचे ७३० तास होतात. वर्गात लिपी शिकता येते, थोडे वाचन होते, आणि आपल्यासारखी आणखी मुले आहेत हे मुलाला दिसते. हे सगळे मोलाचे आहे. पण ज्या मुलाला घरी भाषा मिळत नाही त्याला ७० तासांत ती येणार नाही. फिशमन यांनी १९९१ मध्ये भाषेच्या ऱ्हासाची जी आठ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तिच्यात घरातून पुढच्या पिढीकडे भाषा जाण्याला त्यांनी मध्यवर्ती स्थान दिले. ती पायरी निखळलेली असताना शाळा आणि माध्यमांवर जोर देणे म्हणजे पंक्चर झालेल्या चाकात हवा भरत राहणे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे सगळे एका घरापुरते झाले. एका घराने नेटाने भाषा चालवली तरी मूल मोठे झाल्यावर ती कोणाशी बोलणार, हा पुढचा प्रश्न राहतोच, आणि त्याचे उत्तर समाजाच्या रचनेत आहे. त्यासाठी मला पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन बोलीची गोष्ट सर्वांत बोधक वाटते, कारण तिथे एकच भाषा, एकाच प्रदेशात, एकाच काळी आलेल्या लोकांमध्ये दोन वेगळ्या गतींना गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातून, मुख्यतः पॅलेटिनेटमधून, हजारो कुटुंबे तिथे गेली आणि त्यांच्या बोलींच्या मिश्रणातून एक नवी बोली तयार झाली. तिला तिचे बोलणारे 'डाइच' म्हणतात. या लोकांत बहुसंख्य लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्चचे होते. जगापासून अलिप्त, साधे जगणाऱ्या आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांचे लोक त्यांच्या तुलनेत थोडे होते. एकोणिसाव्या शतकात कोणाला विचारले असते की ही बोली कोण टिकवेल, तर बहुसंख्य गटाकडेच बोट दाखवले गेले असते.

त्या बहुसंख्य गटाने आपल्या बोलीसाठी पुष्कळ केले. वर्तमानपत्रांत तिच्यात सदरे लिहिली गेली, कविता झाल्या, नाटके झाली, शब्दकोश झाले. १९३० च्या दशकात त्यांनी 'ग्रुंडसाऊ लॉज' नावाची मंडळे सुरू केली. त्यांचे वार्षिक मेळावे पूर्णपणे बोलीत चालत आणि तिथे इंग्रजी बोलणाऱ्याला दंड भरावा लागे. बोलीवर त्यांचे प्रेम होते यात मला कसलीही शंका नाही. पण त्याच दशकांत त्यांच्या घरांत मुलांशी इंग्रजी बोलण्याचा पायंडा पडला होता. शेती सोडून लोक गावांत आणि कारखान्यांत गेले, लग्ने इंग्रजी बोलणाऱ्यांशी होऊ लागली, आणि पहिल्या महायुद्धाने जर्मन या शब्दालाच डाग लागला. त्या गटातले घरी ही बोली शिकलेले लोक बहुतेक दुसऱ्या महायुद्धापूर्वी जन्मलेले आहेत. मेळावे नंतरही भरत राहिले. जमणारे म्हातारे होत गेले, एवढाच बदल झाला.

आमिशांकडे याच्या उलट चित्र आहे. त्यांच्यात या बोलीचे साहित्य जवळजवळ नाही. ते पत्रे इंग्रजीत लिहितात. त्यांच्या स्वतःच्या एक-दोन खोल्यांच्या शाळा आहेत, पण त्या शाळांचे माध्यम इंग्रजी आहे. जर्मन शिकवतात ती बायबल आणि स्तोत्रे वाचता यावीत म्हणून, आणि ती प्रमाण जर्मन असते, घरची बोली नसते. बोलीचा वर्ग नाही, परीक्षा नाही, तिच्या अभिमानाची चळवळ नाही. तरीही १९०० च्या सुमारास पाच-सहा हजार असलेला हा समाज आज साडेतीन लाखांहून मोठा आहे आणि त्यांच्या बहुतेक मुलांची पहिली भाषा हीच बोली आहे. इंग्रजी ती शाळेत गेल्यावर शिकतात आणि ती चांगली बोलतात, म्हणजे इंग्रजी न आल्यामुळे त्यांची बोली टिकली असेही नाही.

मग ती टिकली कशी? कारणे एकमेकांत गुंफलेली आहेत. लग्न दोघेही बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांमध्येच होते. त्यामुळे घरात दोघांची भाषा एक असते आणि मुलाला वयात आल्यावर जोडीदारही त्याच भाषेचा मिळतो. मोटारी बाळगायच्या नाहीत आणि घोडागाडीच्या अंतरात राहायचे असे बंधन असल्यामुळे शेजारी, कामाचे सोबती आणि नातलग ही तीच माणसे असतात. शिक्षण आठवीपर्यंत असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये विस्कॉन्सिन विरुद्ध योडर या खटल्यात त्यांना तो हक्क मान्य केला आणि त्यामुळे किशोरवयातली, म्हणजे बरोबरीच्या मुलांकडून भाषा पक्की होण्याची वर्षे त्यांची मुले आपल्याच लोकांत काम करत घालवतात. घरात सहा-सात मुले असतात, आणि ती मोठी होऊन बहुतेक समाजातच राहतात. या सगळ्यात मला निर्णायक वाटते ती गोष्ट अशी की तिथे दोन मुले एकत्र आली की त्यांची आपसांतली भाषा ठरलेली असते. मोठ्या माणसांना ती लादावी लागत नाही. याचा उलटा पुरावाही त्याच समाजात आहे. बीची आमिश नावाचा गट १९२७ च्या सुमारास वेगळा झाला, त्याने मोटारी स्वीकारल्या, धर्मप्रसारासाठी बाहेरच्यांना दारे उघडली, आणि काही पिढ्यांत त्यांच्यातले बहुतेक जण इंग्रजीकडे वळले. धर्मनिष्ठा त्यांचीही कमी नव्हती. पण वावराची रचना बदलली तशी भाषाही बदलली.

जर्मन अभ्यासक हाइन्स क्लोस यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या जर्मनांचा अभ्यास करून काढलेला एक निष्कर्ष इथे आठवतो. भाषा टिकण्याशी आपण ज्या गोष्टी जोडतो त्यांतल्या अनेक दुधारी असतात, असे त्यांनी दाखवले. शिक्षण जास्त असेल तर समाज वर्तमानपत्रे आणि शाळा चालवू शकतो, पण शिकलेली माणसे बहुसंख्यांमध्ये लवकर मिसळतातही. संख्या मोठी असेल तर संस्था उभ्या राहतात, पण मोठा समाज विखुरतो आणि बाहेरच्यांशी त्याचा संबंधही वाढतो. यजमान समाजाने भाषेला विरोध केला तर कधी लोक चिडून ती घट्ट धरतात, कधी भीतीने सोडतात. क्लोस यांनी ज्या गोष्टींचा परिणाम एकाच दिशेने होतो असे सांगितले, त्यांत वेगळी वसलेली वस्ती आणि आपल्या शाळा चालवणारा धर्मपंथ यांचा समावेश होता. ऑस्ट्रेलियाचे आकडे याला पुष्टी देतात. तिथल्या १९९६ च्या जनगणनेत नेदरलँड्समध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोक घरी फक्त इंग्रजी बोलत होते, तर ग्रीसमध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते. डच लोक विखरून राहिले, इंग्रजी त्यांना जवळची होती आणि बाहेर लग्ने करण्यात त्यांना अडचण नव्हती. ग्रीक लोक मेलबर्न आणि सिडनीच्या ठरावीक भागांत एकत्र राहिले, आपले चर्च आणि शाळा त्यांनी चालवल्या आणि लग्ने बहुतांशी आपल्यात केली. यात कोणाचे भाषाप्रेम कमी-जास्त असे मोजता येत नाही, रचनेतला फरक मात्र दिसतो.

आपल्या भाषेचे एक उदाहरण याच चौकटीत पाहावे असे मला वाटते. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठी हे नाव आजही सोडलेले नाही. शाळेत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते. म्हणजे परदेशातल्या कोणत्याही भाषिक समाजाने जे मागावे ते सरकारमान्य स्थान तिला तिथे मिळालेले आहे. पण घरांची भाषा क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, आहे. मॉरिशसच्या जनगणनेत पूर्वजांची भाषा कोणती आणि घरी नेहमी कोणती बोलता, असे दोन वेगळे प्रश्न विचारले जात. पहिल्याचे उत्तर मराठी देणाऱ्यांच्या तुलनेत दुसऱ्याचे उत्तर मराठी देणारे फारच थोडे होते. भोजपुरीची गोष्ट याला पूरक आहे. उसाच्या मळ्यांच्या वस्त्यांत आणि खेड्यांत ती शाळेच्या कोणत्याही आधाराशिवाय शंभराहून अधिक वर्षे बोलली गेली, कारण तिथे शेजाऱ्याशी आणि सवंगड्याशी तीच बोलायची होती. मळ्यांवरचे जगणे मागे पडले तशी तीही मागे पडली. घरी भोजपुरी बोलणाऱ्यांचे प्रमाण २००० च्या जनगणनेत सुमारे १२ टक्के होते, ते २०११ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आले.

मॉरिशसच्या मराठी शिक्षकांबद्दल मला अतिशय आदर आहे आणि त्यांचे काम व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही. शाळेत शिकलेली भाषा ही ओळखीची भाषा म्हणून जगू शकते. तिच्यात प्रार्थना होते, गाणे होते, मूळ गावाशी नाते सांगता येते. कोणा समाजाला एवढेच हवे असेल तर तो त्याचा अधिकार आहे. पण ते हवे असताना आपण भाषा टिकवत आहोत असे समजणे ही फसगत आहे, आणि तिचा तोटा त्या आईबापांना होतो जे शनिवारी मुलाला वर्गात सोडून आपले कर्तव्य झाले असे मानतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आमिशांसारखे बंदिस्त जगणे कोणाला हवे आहे? मलाही नको आहे. मुलांचे शिक्षण आठवीत थांबवून आणि लग्नावर पहारे ठेवून भाषा टिकणार असेल तर ती किंमत देण्याजोगी नाही, असे मी निःसंकोच म्हणेन. पण त्यांच्या उदाहरणातून घेण्यासारखे जे आहे ते बंदिस्तपणाहून वेगळे काढता येते. मुलांना त्या भाषेत बरोबरीची माणसे मिळायला हवीत, आणि ती शाळेची भाषा घरी येण्याच्या आधीच्या आणि लगेच नंतरच्या वर्षांत मिळायला हवीत. वर्ग बहुतेक ठिकाणी सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होतात, म्हणजे सांधा निसटून गेल्यावर. त्याऐवजी दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून तीन-चार दिवस त्या भाषेतले खेळघर असावे, जिथे काही शिकवले जात नाही, फक्त खेळले जाते. चार-पाच कुटुंबांनी शाळेनंतर मुलांना आळीपाळीने सांभाळावे आणि सांभाळणाऱ्याने त्यांच्याशी आपल्या भाषेतच बोलावे. दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी आजी-आजोबांपैकी कोणी वर्षभर राहू शकले तर त्याचा उपयोग कोणत्याही अभ्यासक्रमाहून जास्त होतो, कारण ज्याला दुसरी भाषा येत नाही अशा माणसापुढे मुलाला भाषा बदलता येत नाही.

यजमान देशाकडूनही एका गोष्टीची अपेक्षा मी ठेवतो. पुष्कळ आईबापांनी घरची भाषा सोडली ती शिक्षकांच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने. मूल उशिरा बोलते आहे, शाळेत मागे पडते आहे, तर घरीही शाळेचीच भाषा बोला, असे त्यांना सांगितले गेले. दोन भाषांमुळे मुलाच्या बोलण्यात दोष निर्माण होतो, असे संशोधनाला आढळलेले नाही. या सल्ल्याचे फळ मात्र खरे असते: आईबाप आपल्याला नीट न येणाऱ्या भाषेत मुलाशी बोलू लागतात, बोलणे तुटक आणि कामापुरते होते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाशी मनातले काही बोलायची वेळ येते तेव्हा दोघांना पुरेल अशी भाषाच घरात उरलेली नसते. लिली वाँग फिलमोर यांनी अमेरिकेतल्या हजाराहून अधिक स्थलांतरित कुटुंबांच्या पाहणीवरून १९९१ मध्ये याचीच नोंद केली होती. असा सल्ला देणे थांबवायला सरकारला कसलाही खर्च नाही.

भाषिक मंडळांकडे मात्र एक छोटी, तपासता येण्याजोगी मागणी करता येईल. त्यांच्या वार्षिक अहवालांत वर्गांची आणि मुलांची संख्या असते, कार्यक्रमांची यादी असते. त्यात दर वर्षी सभासद कुटुंबांकडून एकाच प्रश्नाचे उत्तर घेऊन एक रकाना वाढवावा: आईबाप खोलीत नसताना तुमची मुले आपसांत कोणती भाषा बोलतात? थोरल्या मुलाच्या शाळेच्या पहिल्या वर्षी काय उत्तर होते आणि दुसऱ्या वर्षी काय झाले, हे पाच वर्षांत त्या रकान्यात दिसेल, आणि आपले खेळघर, फोन, सुट्ट्या आणि वर्ग यांतले कशाने काय साधले हेही. माझ्या बहिणीला मी हा प्रश्न विचारला तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अर्णव दोन वर्षांचा होईपर्यंत रमा त्याच्याशी मराठीच बोलायची. मग ती शाळेत गेली."